ट्रीसाठी ठेवलेले दोन दिवस

तिसऱ्या सेमिस्टरच्या पीएलमध्ये, म्हणजे परीक्षेआधीच्या अभ्यासाच्या सुट्टीत, मी आणि त्याने मिळून एक टाइमटेबल केलं होतं. डेटा स्ट्रक्चर्सचा पेपर सगळ्यात पहिला होता आणि हातात सात दिवस होते. बाकीचे विषय मी आधीच बऱ्यापैकी हातावेगळे केले होते. त्याला तर हा एकच पेपर द्यायचा होता. तो माझ्यापुढे एक वर्ष होता, पण हा विषय राहून त्याला केटी लागली होती, तीही सुटली नाही, आणि त्यापायी अख्खं वर्ष ड्रॉप गेलं होतं. त्याची सगळी बॅच तिसऱ्या वर्षाला जाऊन बसली होती आणि तो दहिसरच्या चाळीतल्या घरात बसून होता. या वेळी पेपर सुटला तर पुढच्या जूनमध्ये तो माझ्याच वर्गात येणार होता. नाही सुटला तर त्याचे बाबा त्याला ओळखीच्या गॅरेजमध्ये लावणार होते. ते तसं उघड म्हणायचे.

आमचं जमून तेव्हा वर्ष झालं होतं. दोघांच्याही घरी ‘मैत्रीण’ आणि ‘मित्र’ एवढंच माहीत होतं. माझ्या आईला त्याहून जास्त कळलं असावं, पण ती बोलली नव्हती.

पीएलमध्ये अंधेरीच्या आमच्या कॉलेजात तिसऱ्या मजल्यावरचे वर्ग रिकामेच असायचे. शिपायांना विचारलं तर ते एखादा उघडून द्यायचे. टाइमटेबल आम्ही तिथेच, फळ्यावर केलं. आधी मागचे पेपर घेऊन कुठल्या टॉपिकवर साधारण किती मार्कांचे प्रश्न येतात ते काढलं. पेपर ऐंशी मार्कांचा, पण ऑप्शन धरून छापलेले प्रश्न एकशेवीस मार्कांचे. त्यातले चौतीस ट्रीला, चोवीस लिंक्ड लिस्टला, वीस स्टॅकला, अठरा ग्राफला, क्यू आणि हॅशिंगला दहा-दहा, आणि सुरुवातीच्या व्याख्यांना चार.

“मग मार्कांप्रमाणे तास वाटू,” तो म्हणाला.

“नुसत्या मार्कांप्रमाणे नाही ना. क्यूला आणि हॅशिंगला सारखेच दहा मार्क आहेत, पण क्यू तुलाही येतो आणि मलाही येतो. प्रत्येक टॉपिकला एक ते तीन आकडा देऊ. सोपं तर एक, फार अवघड तर तीन. आणि मार्कांना त्याने गुणू.”

इथे अडचण आली, कारण आमचं अवघड वेगवेगळं होतं. त्याचा हात प्रोग्रामवर बसलेला होता. लिंक्ड लिस्टचा, म्हणजे बाणांनी एकमेकांना जोडलेल्या नोडच्या साखळीचा, कोड तो बोलत बोलत लिहायचा, माझ्याकडून मात्र दर वेळी पॉइंटर, म्हणजे तो बाण, भलतीकडेच जायचा. उलट ट्री, म्हणजे आकड्यांना खाली फांद्या फुटत जाणाऱ्या त्या आकृत्या, मला आवडायचे. त्याला ते काढायचे म्हटलं की घाम फुटायचा, आणि गेल्या दोन्ही वेळी तो ट्रीचे प्रश्न कोरे सोडून आला होता. चौतीस मार्क सोडून पास व्हायचं म्हणजे उरलेल्यात चुकायला जागाच राहत नाही.

“ज्याला जास्त अवघड, त्याचा आकडा धरायचा,” मी म्हटलं. म्हणून लिंक्ड लिस्टला माझे तीन लागले, ट्रीला त्याचे तीन. स्टॅक, ग्राफ आणि हॅशिंगला दोन-दोन, क्यू आणि व्याख्यांना एक. गुणाकार करून बेरीज घेतली आणि सहा दिवसांचे तास त्या प्रमाणात वाटले. ट्रीला जवळजवळ तेरा तास आले, लिंक्ड लिस्टला नऊ, व्याख्यांना जेमतेम अर्धा.

क्रम मी लावला. पहिल्या दिवशी स्टॅक आणि क्यू, कारण सुरुवात जमणाऱ्या गोष्टीने केली की बरं वाटतं, आणि पुढे ग्राफमध्ये दोन्ही लागतात. मग दीड दिवस लिंक्ड लिस्ट, कारण नोड आणि पॉइंटर डोक्यात बसल्याशिवाय ट्रीचा कोड कळत नाही. तिसऱ्या दिवशीच्या उरलेल्या वेळात हॅशिंग आणि व्याख्या. चौथा आणि पाचवा दिवस पूर्ण ट्री. सहाव्या दिवशी ट्रीचं राहिलेलं आणि ग्राफ. सातव्या दिवशी नवीन काहीही वाचायचं नाही. घड्याळ लावून एक जुना पेपर सोडवायचा, एकमेकांचा तपासायचा आणि चुकलेलं तेवढं बघायचं. रोज सकाळी आदल्या दिवशीचं न बघता लिहून काढायचं. लिंक्ड लिस्ट त्याने मला शिकवायची, ट्री मी त्याला.

“झकास,” तो म्हणाला आणि फळ्याचा फोटो काढला. मी त्याच्याकडे बघत होते. मला वाटत होतं, आपण दोघं मिळून काहीही पार पाडू.

पहिला दिवस छान गेला. इन्फिक्सचं पोस्टफिक्स करायची, म्हणजे अधिक-उण्याची चिन्हं आकड्यांच्या मागे न्यायची, आम्ही शर्यत लावली आणि तो दोनदा जिंकला. दुसऱ्या दिवशी त्याने मला लिंक्ड लिस्ट शिकवायला घेतली. तो शिक्षक म्हणून फार चांगला होता, हे त्याला स्वतःला माहीत नव्हतं. माझी चूक त्याने पाच मिनिटांत पकडली. मधे नवा नोड घालताना मी आधी मागच्या नोडला नव्याकडे वळवायचे, आणि मग पुढची सगळी लिस्टच हातातून निसटायची, कारण तिचा पत्ता कुणाकडेच उरायचा नाही.

“आधी नव्याला पुढच्याचा हात धरू दे,” तो म्हणाला. “मग मागच्याला नव्याकडे वळव. कोड नंतर. आधी बाण काढ. प्रत्येक ओळीला एक बाण.”

मी बाण काढत गेले. दुपारपर्यंत मला इन्सर्ट यायला लागलं. तिसऱ्या दिवशी सकाळी डिलीट. काढायचा नोड शोधताना त्याच्या मागचा नोड लक्षात ठेवायचा, मागच्याला पुढच्याशी जोडायचं, मग काढलेल्याची जागा मोकळी करायची. पहिलाच नोड काढायचा असेल तर हेड, म्हणजे लिस्टची सुरुवात दाखवणारा पॉइंटर, पुढे सरकवायचा, हे वेगळं लिहायचं. मी पूर्ण प्रोग्राम न बघता लिहिला आणि त्याने तो ओळीओळीने तपासून म्हटलं, “एक नंबर. एकही चूक नाही.”

मला इतका आनंद झाला की मी बाकावरून खाली उडीच मारली. म्हटलं, “सगळे पेपर संपले ना, की वर्सोव्याहून फेरीबोटीने मढला जाऊ या. अख्खा दिवस. घरी मी काहीतरी सांगेन.”

तो फळा पुसत होता. पुसतच राहिला. फळा केव्हाच स्वच्छ झाला होता.

“काय रे?”

“काही नाही. बघू.”

“बघू काय? तुझा तर एकच पेपर आहे.”

त्याने डस्टर ठेवला, पण माझ्याकडे वळला नाही. मला एकदम काहीतरी कळलं, आणि ते कळू नये म्हणून मी हसले. “बोल ना यार. काय झालंय?”

“पेपर झाल्यावर बोलू. प्लीज.”

“नाही. आत्ता बोल.”

मग तो वळला. त्याने खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही, आणि ते मला आजही बरं वाटत नाही. थोडं खोटं बोलला असता तरी चाललं असतं. तो म्हणाला, “मला तू आवडतेस. म्हणजे तुझ्यासारखं कुणीच नाही. पण ते, तसं, आतून येत नाही गं आता. मी खूप दिवस बघतोय, येईल येईल म्हणून. नाही येत.”

“दुसरी कुणी आहे?”

“नाही. आईशप्पथ, नाही.”

“मग मी काही केलं?”

“तू काहीच नाही केलंस.”

दुसरी कुणी असती तर मला भांडता आलं असतं. माझं काही चुकलं असतं तर मी ते दुरुस्त केलं असतं. त्याने माझ्या हातात काहीच दिलं नाही. मी विचारलं, “कधी सांगणार होतास?”

“पेपर झाल्यावर.”

“म्हणजे मी तुला ट्री शिकवून झाल्यावर.”

हे माझ्या तोंडून कसं आलं, मला माहीत नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला. “तसं नाही गं,” तो म्हणाला. पण मी तोवर बॅग उचलली होती.

एरवी आम्ही मेट्रोने एकत्र जायचो. बोरिवलीला मी उतरायचे, तो पुढे दहिसरला. त्या दिवशी मी मेट्रोकडे गेलेच नाही. बस पकडली, ट्रॅफिकमध्ये दीड तास घालवला आणि खिडकीकडे तोंड करून रडले. शेजारच्या बाईंनी आपली मोठी पिशवी मांडीवर घेऊन मला जागा करून दिली.

आई विम्याच्या ऑफिसातून आली तेव्हा मी स्वयंपाकघरात ओट्याला टेकून उभी होते. तिने माझ्याकडे बघितलं आणि पर्स खाली न ठेवता विचारलं, “त्याने काही म्हटलं का?” म्हणजे तिला माहीत होतंच. मी सगळं सांगितलं. तिने कुकर लावला. मग म्हणाली, “तुझी ती लिस्ट का काय, ती शिकवून झाली ना त्याची?”

“हो.”

“मग झालं. उद्यापासून घरी बस. त्याची केटी त्याने बघावी. तू काही त्याचा ठेका नाही घेतलेला.”

चौथ्या दिवशी मी घरी बसले. हा ट्रीचा पहिला दिवस होता. मी नवं टाइमटेबल करायला घेतलं, एकटीचं. गुणाकार पुन्हा मांडला. लिंक्ड लिस्टला आता तीन द्यायची गरज नव्हती, ती मला येत होती. ट्रीचे तीन त्याचे होते. माझ्यासाठी तिथे एक पुरे होता. त्याचे आकडे काढून टाकल्यावर बेरीज एवढीशी झाली आणि दिवसांत तासच तास मोकळे पडले. अभ्यास करणाऱ्या कुणालाही याचा आनंद व्हावा. मी त्या रिकाम्या रकान्यांकडे बघत बसले. त्या तासांचं काय करायचं ते मला कळेना. दोन दिवसांपूर्वी वेळ पुरत नव्हता.

मी ट्रीचं पुस्तक उघडलं आणि मिटलं. मला सगळं येत होतं. वाचायला काही नव्हतंच.

दुपारी फोन वाजला. त्याच्या आईचा होता. त्या मालवणच्या बाजूच्या. त्यांच्या सासऱ्यांची गिरणीतली नोकरी गेल्यावर सगळं घर त्यांनी डबे करून सावरलेलं. मला त्या आवडायच्या. त्यांच्या घरी गेलं की ताटात काहीतरी पडल्याशिवाय उठता यायचं नाही.

“गो बाय, अभ्यास करतंस काय? डिस्टर्ब नाय ना केलंय?”

“नाही हो काकी. बोला ना.”

“ह्यो आज कॉलेजात गेलोच नाय. सकाळपासना भिंतीकडे त्वांड करून पडलो हा. कायएक खाल्ल्यान नाय. इचारलंय तर म्हणता, आता माका कोण शिकवतला, आणि मी कोणाकडे मागूचंय नाय. तुमचा भांडान झाला काय गो?”

मी समोरचं मिटलेलं पुस्तक उगाच सरळ केलं.

“जावंदे. मी इचारणंय नाय. पण त्येच्या बापाशीन गॅरेजवाल्याक सांगान ठेवला हा. इतक्या शिकवलंस, आनी दोन दिस शिकव गो. मगे भांडा होया तेवढा.”

मी म्हटलं, “बघते काकी.” आणि फोन ठेवून पुन्हा रडायला बसले, पण हे रडणं वेगळं होतं. काल मी जे बोलले होते ते त्याने उचलून उरात धरलं होतं. ट्रीसाठी तो माझ्याशी गोड वागत नव्हता, हे त्याने शक्य असलेल्या एकाच पद्धतीने दाखवलं होतं. तो आलाच नव्हता. नापास व्हायला तयार झाला होता.

संध्याकाळी आईला सांगितलं, “उद्या मी जाणार आहे.”

आई म्हणाली, “कशाला? चांगुलपणा दाखवायला?”

“नाही.”

“मग?”

मला खरं सांगायचं होतं. कर्तव्य वगैरे काही नव्हतं. काकींचं वाईट वाटत होतं, ते खरं. पण त्याहून खरं हे होतं की मला त्याला बघायचं होतं. दोन दिवस त्याच्यासाठी ठेवले होते, त्यातला एक गेला होता, आणि दुसरा मला हवा होता. “मला जायचंय,” एवढंच मी म्हटलं. आई म्हणाली, “डबा दोघांचा देऊ का?” मी मानेनेच हो म्हटलं.

त्याला मी मेसेज केला, ‘उद्या नऊ. ट्री.’ त्याने उत्तर दिलं नाही, पण सकाळी तो वर्गात माझ्याआधी येऊन बसला होता. दाढी वाढलेली. मला बघून उभा राहिला. त्याच्या तोंडातून काही निघायच्या आत मी म्हटलं, “बोलायचं नाही. दोन दिवसांचं एका दिवसात करायचंय.”

रात्रीच मी ठरवून आले होते काय ठेवायचं आणि काय टाकायचं. त्याला नुसतं पास व्हायचं होतं. पासिंग बत्तीस. स्टॅक, क्यू आणि लिंक्ड लिस्ट त्याच्या हातात होतं, त्यामुळे ट्रीचे सगळे चौतीस नकोच होते. ज्यावर नेहमी प्रश्न येतो आणि जे लवकर बसतं, तेवढंच घ्यायचं. बी-ट्री टाकला, हफमन टाकला. दोन्हींना वेळ लागतो, आणि पहिला प्रश्न सोडला तर बाकीच्यांत ऑप्शन असतो. ठेवलं काय, तर तीन ट्रॅव्हर्सल, म्हणजे सगळ्या नोडवरून फिरून यायचे तीन क्रम, बायनरी सर्च ट्रीमधलं घालणं-काढणं, आणि एव्हीएल, म्हणजे एका बाजूला कलला की फिरवून तोल सावरायचा तो ट्री.

“कोड एकही लिहायचा नाही दुपारपर्यंत,” मी म्हटलं. “फक्त आकृत्या काढायच्या.”

ट्रॅव्हर्सल त्याला जेवणाच्या आधी यायला लागले. नोड काढून टाकण्यात तो अडला. ज्या नोडला दोन मुलं, म्हणजे खाली दोन फांद्या, आहेत तो काढायचा झाला की तो हात टेकायचा. मी त्याला उजव्या बाजूच्या भागातला सगळ्यात लहान आकडा शोधायला लावला. “तो इथे आणून लिही. आता तो जिथून आणलास तिथून काढ. तिथे त्याला डावं मूल असूच शकत नाही, म्हणून सोपं जातं.”

“का नाही असू शकत?”

“असतं तर तेच सगळ्यात लहान असतं ना.”

तो हसला. तीन दिवसांतलं पहिलं हसणं. मला ते नको होतं, आणि मी ते साठवूनही ठेवलं.

आईने दिलेला डबा आम्ही एकाच बाकावर, मधे डबा ठेवून खाल्ला. बटाट्याची भाजी त्याला आवडते हे आईला कसं माहीत होतं कोण जाणे. तो म्हणाला, “काकूंना सांग, छान झाली होती.” मी म्हटलं, “हं.”

दुपारी एव्हीएल. प्रत्येक नोडला डाव्या बाजूची उंची वजा उजव्या बाजूची, आणि उत्तर उणे एक, शून्य किंवा एक याच्या बाहेर गेलं की फिरवायचं. सरळ रेषेतले दोन प्रकार त्याला जमले. मग मी फळ्यावर तीस, दहा आणि वीस या क्रमाने घालायला सांगितलं. तीस वर, दहा त्याच्या डावीकडे, वीस दहाच्या उजवीकडे. त्याने झटकन सगळं उजवीकडे फिरवलं.

“झालं.”

“पुन्हा बॅलन्स काढ.”

त्याने काढला. दहा वर गेला होता, तीस त्याच्या उजवीकडे, वीस तिसाच्या डावीकडे. उणे दोन. आधी डावीकडे कललेलं होतं, आता उजवीकडे.

“वाट लागली,” तो म्हणाला.

“कारण ते वाकलेलं आहे. आधी सरळ करायचं. दहाला डावीकडे फिरव, मग तीसला उजवीकडे.”

त्याने दोनदा फिरवलं. वीस वर आला, दहा आणि तीस दोन बाजूंना. मग तो फळाभर नवे आकडे मांडून तसलेच वाकलेले ट्री एकामागून एक सरळ करत गेला. मी मागच्या बाकावर बसून त्याची पाठ बघत होते. त्याच्या शर्टाची कॉलर एका बाजूने आत गेली होती. आदल्या आठवड्यात मी उठून नीट केली असती.

त्या दिवशी निघताना तो म्हणाला, “मी तुला कधी वापरलं नाही गं.”

“माहितेय मला,” मी म्हटलं. “तू काल आला नाहीस, तेव्हाच कळलं.”

सहाव्या दिवशी ग्राफ केला. ते दोघांनाही सारखंच अवघड होतं, त्यामुळे कुणी कुणाला शिकवलं नाही. समोरासमोरच्या बाकांवर बसून आपापलं केलं आणि अडलं तेवढं विचारलं. बाहेरून कुणी बघितलं असतं तर त्याला आम्ही आधीसारखेच वाटलो असतो. संध्याकाळी तो दप्तर भरताना म्हणाला, “उद्या जुना पेपर. किती वाजता येऊ?”

मी म्हटलं, “उद्या मी घरी सोडवते.”

“मग तपासणार कोण?”

“आपापले.”

त्याने दप्तर खांद्याला लावलं. “ठीक आहे,” म्हणाला. वर्गाचा दिवा मी बंद केला.

पेपरला त्याचा नंबर दुसऱ्या मजल्यावर होता, केटीवाल्यांचा. माझा तळमजल्यावर. पहिल्याच प्रश्नात लिंक्ड लिस्टचा प्रोग्राम होता. मी समासात बाण काढले. प्रत्येक ओळीला एक बाण. प्रोग्राम बरोबर आला. पुढे एव्हीएलचा प्रश्न होता, आणि त्यात वाकलेला प्रकार मुद्दाम घातलेला होता. तो सोडवताना मी वरच्या मजल्याचा विचार करत होते, आणि त्यात माझी दहाएक मिनिटं गेली.

तो गेटपाशी थांबला होता.

“दोनदा फिरवलं,” तो म्हणाला.

“छान.”

“तुझं?”

“सगळं आलं.”

त्याने काहीतरी बोलायला तोंड उघडलं. मी म्हटलं, “नको. माझे अजून पेपर आहेत.” तो बाजूला झाला आणि मी निघाले. मागे बघितलं नाही असं म्हणता आलं असतं तर बरं झालं असतं. मी तीनदा बघितलं. तो तिथेच उभा होता, आणि मग एकदा बघितलं तर नव्हता.

रिझल्ट फेब्रुवारीत लागला. तो पास झाला. मलाही चांगले मार्क पडले. त्याचा मेसेज आला, ‘सुटली. थँक्यू.’ मी अंगठा पाठवला. जूनमध्ये तो आमच्या वर्गात आला आणि दोन वर्षं माझ्यापासून चार-पाच बाक पुढे बसला. आम्ही बोलायचो, असाइनमेंटपुरतं. सवय होते म्हणतात. मला झाली नाही. मी फक्त उशिरा पोचून मागे बसायला शिकले.

पण मला सगळ्यात जास्त आठवतो तो रिझल्टनंतरचा रविवार. सकाळी बेल वाजली आणि दारात त्याच्या आई उभ्या होत्या. एकट्याच. दहिसरहून पत्ता विचारत विचारत आल्या होत्या. नवी साडी, हातात पेढ्यांचा बॉक्स आणि गावच्या कुळथाच्या पिठाची पिशवी. माझी आई क्षणभर घुटमळली, मग म्हणाली, “या ना, बसा.”

त्या सोफ्याच्या कडेला बसल्या. आईला म्हणाल्या, “तुमच्या पोरीन माझ्या झिलाचा वरीस वाचवल्यान.” मग मला जवळ बोलावून पेढा माझ्या तोंडात घातला, आणि माझ्या चेहऱ्यावरून दोन्ही हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. “ह्येका मी सांगलंय, तिका घरी घेऊन ये जेवूक. तर तो काय बोलणाच नाय. लाजता. म्हणान मीच इलंय. येतलंस मा गो? कोंबडी-वडे करतंय.”

आमचं जमलेलं त्यांनी ओळखलं होतं, पण ते मोडलंय हे त्यांना माहीत नव्हतं. त्याने त्यांना सांगितलंच नव्हतं.

माझ्या तोंडात पेढा होता. आई स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून माझ्याकडे बघत होती. मी म्हटलं, “येईन ना काकी. नक्की येईन.”

“कधी?”

“बघते. लवकरच.”

आईने चहा केला. त्या दोघी बराच वेळ डब्यांबद्दल, भाजीच्या भावाबद्दल, मुलांच्या खाण्याबद्दल बोलत बसल्या. अशा त्या एरवी कधी भेटल्या नसत्या, आणि त्यांचं चांगलं जमलं. जाताना आईने त्यांना हळदीकुंकू लावलं आणि ओटीत नारळ घातला. लिफ्टचं दार लागेपर्यंत त्या माझ्याकडे बघून हसत होत्या.

मी गेले नाही. त्यांचे दोन-तीनदा फोन आले, मी परीक्षा सांगितली, मग प्रोजेक्ट सांगितलं, मग त्यांनी विचारणं सोडलं. त्या दिवशी दार लावल्यावर मात्र मी तिथेच फरशीवर बसले, आणि आई माझ्याजवळ खाली येऊन बसली.  तिच्या हाताला चहाचा वास येत होता. खूप वेळाने ती म्हणाली, “चांगल्या आहेत गं त्या,” आणि मग तिच्याही डोळ्यांतून पाणी यायला लागलं.